धागा: गाण्याच्या ओळींतून कवितेकडे – दहावीच्या वर्गात नेमके काय करावे?

सावली_नागपूर

नमस्कार. नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी दहावीला मराठी शिकवते. माझ्या वर्गातील जवळजवळ निम्म्या मुलांच्या घरी हिंदी किंवा हिंदीमिश्रित मराठी बोलली जाते. ही मुले दिवसभर गाणी गुणगुणत असतात, परंतु पाठ्यपुस्तकातील कवितेचे पान उघडले की त्यांचे चेहरे उतरतात. गाणे हेही शब्दांतच असते, तेव्हा त्याच्या आधाराने कवितेपर्यंत जाता येईल, असे मानून मी मुलांना त्यांच्या आवडीची गाणी लिहून आणायला सांगितले. पहिली तासिका गाण्यात आणि कोणता नट चांगला या वादात गेली. अर्थाबद्दल लिहिण्यास सांगितल्यावर बहुतेकांनी 'या गाण्यात कवीने प्रेमाच्या भावना समर्पक शब्दांत व्यक्त केल्या आहेत' असे वाक्य लिहिले. त्यानंतर आमच्या कुमारभारतीतील नारायण सुर्वे यांची 'दोन दिवस' ही कविता काढली, तेव्हा गाण्यांच्या चर्चेतून कवितेत काहीही उतरले नसल्याचे स्पष्ट दिसले.

माझा प्रश्न असा आहे की, गाणे कोणते निवडावे आणि त्याच्या ओळींशी नेमके काय करावे, म्हणजे प्रतिमा वाचण्याची सवय गाण्यातून कवितेकडे सरकेल? माझ्याकडे पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका आहेत, त्याहून अधिक वेळ मिळणार नाही.

पंचमस्वर

ताई, यावर माझा अनुभव उपयोगी पडेल. मी हौशी गायक आहे आणि आमचा सुगम संगीताचा एक छोटा गट आहे. माझ्या भाचीची कविता पाठ होत नव्हती, म्हणून मी त्या कवितेला भूपाची सोपी चाल लावून दिली आणि आठवड्याभरात तिची संपूर्ण कविता पाठ झाली. तिच्या मैत्रिणीही ती गाऊ लागल्या. तुम्हीही 'दोन दिवस'ला चाल लावावी. ओळी लहानमोठ्या असल्यामुळे ठेक्यात बसवणे थोडे अवघड जाईल, परंतु केरवा घेऊन काही शब्द ओढले तर जमण्यासारखे आहे. हवी असल्यास मी चाल पाठवतो.

सावली_नागपूर

पंचमस्वर, आपल्या तयारीबद्दल आभार. परंतु पाठांतर ही माझी अडचण नाही. मुलांना कविता पाठ येते. कवीने एखादी गोष्ट दुसऱ्याच गोष्टीच्या रूपात का सांगितली, हा प्रश्न त्यांना पडत नाही, ही अडचण आहे.

जुनी_वही

सावलीताई, मी सेवानिवृत्त मराठी शिक्षक आहे आणि गाण्यावरून कवितेकडे जाण्याचा हा मार्ग अनेक वर्षे वापरला आहे. पंचमस्वरांनी जे सुचवले, त्याच्या अगदी उलट करावे असे माझे मत आहे, म्हणजे कवितेला चाल लावण्याऐवजी गाण्याची चाल काढून घ्यावी. चालीमध्ये कोणत्या शब्दावर थांबायचे, कोणता शब्द ओढायचा आणि कोणता घाईने ओलांडायचा, हे संगीतकाराने आधीच ठरवलेले असते, आणि ऐकणाऱ्याच्या मनातील भावसुद्धा स्वर आणि वाद्ये निर्माण करतात. त्यामुळे गाणे आवडते तेव्हा त्यातील प्रतिमा वाचली गेलेली असतेच असे नाही. मुलांच्या आवडीचे प्रेमगीत वर्गात आणले की नेमके हेच आड येते, कारण त्या गाण्याला नट, प्रसंग आणि स्वतःच्या वयाची घालमेल चिकटलेली असते आणि शब्दांकडे पाहण्यासाठी ती सगळी बाजूला सारावी लागते.

म्हणून मुलांचे आवडते गाणे शोधू नका. त्यांना झोपेतही म्हणता येईल, पण ज्याचे शब्द त्यांनी कधी पाहिलेले नाहीत, असे गाणे घ्या. नागपुरात जन्मलेल्या राजा बढे यांचे 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे २०२३ पासून राज्यगीत आहे आणि शाळेच्या परिपाठामुळे ते प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलेले आहे. श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज इतका जोरकस आहे की त्या जोरात शेवटच्या कडव्यातील हे शब्द वाहून जातात:

दारिद्र्याच्या उन्हात शिजला
निढळाच्या घामाने भिजला
देशगौरवासाठी झिजला

गाणे वाजवू नका. फळ्यावर केवळ पहिली ओळ लिहा आणि शेवटचा शब्द गाळून टाका: 'दारिद्र्याच्या उन्हात ____'. मुलांना गाणे माहीत असले तरी मधलीच ओळ अशी सुटी समोर आली की पुष्कळांना शब्द आठवत नाही. ज्यांना आठवेल त्यांना गप्प राहण्यास सांगा. बाकीच्यांनी आपल्या मनाने क्रियापद भरावे. तापला, भाजला, पोळला, करपला, जळला असे शब्द येतील आणि ते सर्व बरोबर असतील, कारण उन्हाबरोबर मराठीत हीच क्रियापदे येतात. त्यानंतर कवीचा शब्द लिहा. ऊन आणि शिजणे यांची जोडी आपण एरवी करत नाही. उन्हात मनुष्य भाजतो, तो शिजत नाही. मग कवीने हा शब्द का घेतला, हा प्रश्न तुम्ही विचारण्याआधीच वर्गातून येईल, आणि आला नाही तर 'शिजायला काय काय लागते?' एवढेच विचारा.

शिजायला आच लागते, पाणी लागते आणि वेळ लागतो. जे कच्चे असते ते शिजल्यावर खाण्याजोगे होते, तर जे करपते ते टाकून द्यावे लागते. म्हणजे 'करपला' म्हटले असते तर दारिद्र्याने या भूमीचा नाश केला असा अर्थ झाला असता, आणि 'तापला' म्हटले असते तर ऊन उतरल्यावर पुन्हा होते तसेच झाले असते. 'शिजला' या शब्दात हालअपेष्टा आहे आणि त्या हालअपेष्टेतून तयार होणेही आहे. आता पुढची ओळ पाहा. शिजण्यासाठी जे पाणी हवे, ते निढळाच्या घामाचे आहे. आच बाहेरची आणि पाणी स्वतःच्या अंगातले, अशी ही दोन ओळींत मिळून पूर्ण झालेली एकच प्रतिमा आहे. गाताना ती कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण तिन्ही ओळी एकाच दमात चढत जातात.

तुमची पहिली तासिका एवढ्या तीन ओळींवर संपली तरी चालेल. संपूर्ण गाणे घेऊ नका.

शिस्तप्रिय

राज्यगीत वाजत असताना सावधान उभे राहण्याचा संकेत आहे. त्याची ओळ फळ्यावर अर्धवट लिहून मुलांकडून तीत 'करपला', 'जळला' असे शब्द भरून घेणे मला प्रशस्त वाटत नाही. उद्या एखाद्या पालकाने तक्रार केली तर उत्तर कोण देणार?

जुनी_वही

शिस्तप्रिय, आपली शंका शाळेच्या दृष्टीने रास्त आहे, म्हणूनच गाणे वाजवू नये आणि म्हणवूनही घेऊ नये, असे मी सुचवले. फळ्यावरील ओळ हे वाचन आहे, गायन नव्हे. मुलांनी भरलेले शब्द कवीच्या शब्दापुढे कमी का पडतात, हे दाखवण्यासाठीच ते लिहून घ्यायचे असतात. तरीही मुख्याध्यापकांना आधी कल्पना देऊन ठेवणे चांगले.

अलंकारप्रेमी

मी दहावीच्या शिकवणीत व्याकरण शिकवतो. जुन्या वहीकाकांचे विवेचन सुंदर आहे, परंतु परीक्षेच्या दृष्टीने इतके खोल जाण्याची आवश्यकता नाही. 'दारिद्र्याच्या उन्हात' येथे दारिद्र्य हे उपमेय आणि ऊन हे उपमान असून दोन्ही एकरूप मानली आहेत, म्हणून हा रूपक अलंकार आहे. महाराष्ट्र ही निर्जीव भूमी घामाने भिजते असे म्हटले आहे, म्हणून दुसऱ्या ओळीत चेतनगुणोक्ती आहे. मुलांना खुणेचे शब्द शिकवावेत. 'जसा, जशी, सम, परी' आले की उपमा, 'जणू, गमे, वाटे' आले की उत्प्रेक्षा. एवढे पाठ असले की गाणे काय आणि कविता काय, दोन्हींतील अलंकार आपोआप ओळखता येतात.

जुनी_वही

रूपकाबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. चेतनगुणोक्तीबद्दल मात्र मी थोडा थांबेन. आपण 'सगळे गाव जत्रेला लोटले' असे म्हणतो तेव्हा गावाच्या भिंतींना पाय फुटले असे आपल्याला म्हणायचे नसते, गाव म्हणजे गावातील माणसे. येथेही घाम गाळणारा महाराष्ट्र म्हणजे येथील कष्टकरी माणसे असा अर्थ सहज लागतो, म्हणून ही लक्षणा आहे असे मला वाटते. याविषयी मतभेद होऊ शकतो आणि तो वर्गात होऊ द्यावा.

माझी अडचण निराळी आहे. आपल्या पद्धतीने 'उन्हात' या शब्दापाशी रूपकाचे नाव मिळाले आणि काम संपले. परंतु या ओळीतील सगळे बळ पुढच्या 'शिजला' या क्रियापदात आहे आणि त्याला खुणेचा शब्द नाही. हेच बहिणाबाई चौधरी यांच्या प्रसिद्ध ओळींत पाहा:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तेव्हा मिळते भाकर

'जसा' आहे म्हणून उपमा, हे मुले लगेच सांगतात. परंतु उपमेचे नाव तव्यापाशी संपते आणि प्रतिमा मात्र पुढेही चालत राहते. चटके हाताला बसतात, तव्याला नव्हे. म्हणजे संसाराला तवा म्हटल्याबरोबर त्या तव्यापुढे एक बाई येऊन बसली, आणि तिचा हात दिसतो आहे. 'आधी' आणि 'तेव्हा' या दोन साध्या शब्दांनी क्रम सांगितला आहे, आणि हा क्रम टाळता येत नाही. गाळलेल्या जागेचा प्रयोग येथे करायचा झाला तर तव्याऐवजी 'दिवा' ठेवून पाहा. मात्रांचा फारसा गोंधळ होत नाही, पण चटके आणि भाकर या दोन्ही गोष्टी निराधार होतात.

सावलीताई, मी दोन तासिकांच्या मध्ये या ओळी ठेवतो. त्या गायल्याही जातात आणि वाचल्याही जातात, त्यामुळे पूर्ण गाणे आणि पूर्ण मुक्त वळणाची कविता यांच्या मधोमध त्या सोयीच्या ठरतात. शिवाय आच सोसल्यावर काहीतरी तयार होते, हा विचार बढे यांच्या ओळीतून येथे आलेला मुलांना स्वतःहून ओळखता येतो.

शब्दफेक

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मित्रांबरोबर वऱ्हाडीत रॅप लिहितो, म्हणून मुलांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. आमच्या वयाच्या मुलांना प्रतिमेच्या आधी यमक दिसते. 'शिजला, भिजला, झिजला' या तीन शब्दांत केवळ शेवटचे अक्षर जुळत नाही, तर पहिले अक्षर वगळता पूर्ण शब्द जुळतो. असे तीन शब्द मिळवून शिवाय त्यांच्यात अर्थाचा चढता क्रम ठेवणे किती अवघड आहे, हे लिहिणाऱ्याला कळते. गाळलेल्या जागेत कोणी 'भाजला' लिहिले तर पुढे 'गाजला', 'लाजला' येईल, आणि गाणे दुसरीकडेच जाईल. मला वाटते की कवीला 'शिजला' हा शब्द कदाचित यमकामुळेच सापडला असावा. तसे असेल तर त्यात एवढा अर्थ शोधणे योग्य आहे का, हा माझा खरा प्रश्न आहे.

जुनी_वही

शब्द यमकाने सापडला की अर्थाने, हे कवीवाचून कोणाला सांगता येणार नाही, आणि कवीलाही नेहमी सांगता येते असे नाही. वाचकापुढे असतो तो ठेवलेला शब्द. यमकाने दहा शब्द समोर आणले असतील आणि त्यातून हा राहिला असेल. तुमचा मुद्दा मात्र वर्गात अवश्य घ्यावा, कारण 'भाजला' घेतल्यास पुढची ओळ काय होईल, हे करून पाहण्यात मुलांना रस वाटतो.

वर्धाकाठ

याच गाण्यात 'रेवा वरदा, कृष्ण कोयना, भद्रा गोदावरी, एकपणाचे भरती पाणी मातीच्या घागरी' अशा ओळी आहेत. त्यातील वरदा म्हणजे आमची वर्धा नदी, हे विदर्भातील मुलांना सांगितले तर त्यांना गाणे आपले वाटेल. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकातही विदर्भाचे दोन भाग करणारी सीमा म्हणून वरदेचा उल्लेख आहे. नद्यांची नावे सोडून 'शिजला'वर सर्व वेळ घालवणे मला तरी पटत नाही.

जुनी_वही

वरदा म्हणजे वर्धा हा अर्थ मलाही प्रिय आहे. परंतु त्याच ओळीत भद्रा आहे, आणि भद्रा व तिच्या परिसरातील दुसरी एक वरदा या दोन्ही नद्या कर्नाटकात तुंगभद्रेच्या खोऱ्यात आहेत, म्हणून तिकडचा अर्थ घेणारेही आहेत. प्रतिमेच्या दृष्टीने मला त्याहून 'मातीच्या घागरी' अधिक विचारात पाडतात. घागरी म्हणजे या नद्यांकाठचे निरनिराळे प्रदेश, की मातीचे बनलेले माणसाचे देह, की आपली साधी पाणवठ्यावरची घागर? मी तिन्ही अर्थ ऐकले आहेत आणि एकावरही अजून स्थिरावलो नाही. वेळ असेल तर या ओळी घ्याव्यात, परंतु पहिल्याच दिवशी इतकी मोकळी प्रतिमा घेतली तर मुले 'काहीही चालते' असा समज करून घेतात.

वर्धाकाठ

कर्नाटकातील वरदेविषयी वाचेन. तरीही आर्वीच्या माणसाला ती वर्धाच वाटणार.

सावली_नागपूर

दोन्ही तासिका झाल्या. सविस्तर लिहिते, कारण काही गोष्टी अपेक्षेपेक्षा वेगळ्या घडल्या.

पहिल्या दिवशी गाणे न वाजवता फक्त 'दारिद्र्याच्या उन्हात ____' एवढेच लिहिले. दोन मुलांनी ओळ लगेच ओळखली आणि त्यांना मी गप्प केले. बाकीच्यांकडून तापला, भाजला, होरपळला, करपला हे शब्द आले. एका मुलीने 'वाळला' लिहिले, कारण तिच्या घरी उन्हात कुरडया वाळतात. हिंदी बोलणाऱ्या घरातील एका मुलाने 'पकला' लिहिले, आणि वर्ग हसला, कारण पकणे म्हणजे कंटाळणे असा त्यांचा रोजचा अर्थ आहे. मी त्याला थांबवले नाही. फळ्यावर 'शिजला' लिहिल्यावर तोच मुलगा म्हणाला की त्याचाच शब्द कवीने मराठीत लिहिला आहे. ते पुष्कळ अंशी खरेच होते. मग 'वाळला' आणि 'शिजला' यांची तुलना निघाली. कुरडई वाळली की टिकते, पण तिच्यातील पाणी जाते, आणि शिजलेल्यात पाणी असावे लागते. मुलांनी घामाच्या ओळीतील पाणी येथे स्वतः आणून जोडले, मला सांगावे लागले नाही.

अडचण लिहिण्यास सांगितल्यावर आली. अनेकांनी पुन्हा तेच गाईडमधील वाक्य लिहिले, की 'कवीने महाराष्ट्राच्या कष्टांचे प्रभावी वर्णन केले आहे'. तेव्हा मला एक कसोटी सुचली. मी फळ्यावरील 'शिजला' पुसून 'तापला' लिहिले आणि विचारले की, तुमचे वाक्य आता बदलावे लागेल का? बदलावे लागत नसेल तर तुम्ही 'शिजला'विषयी काहीच लिहिलेले नाही. त्यानंतर पुष्कळ वह्यांत वाक्ये खोडली गेली. सर्वांचीच सुधारली असे नाही. काहींनी नुसतेच 'शिजला हा शब्द खूप छान आहे' असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी बहिणाबाईंच्या ओळी थोडक्यात घेऊन 'दोन दिवस'कडे वळले. मी संपूर्ण कविता न वाचता 'हे हात माझे सर्वस्व. दारिद्र्याकडे गहाणच राहिले' ही ओळ लिहिली. दारिद्र्य हा शब्द आदल्या दिवसाचाच होता. आदल्या दिवशी दारिद्र्य ऊन होते आणि आज ते सावकार झाले होते. ऊन सगळ्यांवर सारखे पडते आणि त्याच्याशी बोलता येत नाही, असे एका मुलाने सांगितले. सावकार मात्र आपली एकेक वस्तू ठेवून घेतो, असे दुसरा म्हणाला. सुर्वे यांच्या ओळीत ठेवलेली वस्तू हातच आहे, म्हणजे सोडवून आणायचे झाले तरी कमवायचे कशाने, असा प्रश्न एका मुलीने विचारला. एवढी नेमकी गोष्ट या वर्गातून मी पहिल्यांदाच ऐकली.

शेवटच्या कडव्याची सुरुवात 'झोतभट्टीत शेकावे पोलाद तसे आयुष्य छान शेकले' अशी आहे. झोतभट्टी कोणालाच माहीत नव्हती. एकाचे मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात आहेत, त्यामुळे त्याला भट्टीतील वितळलेल्या लोखंडाविषयी थोडे सांगता आले. गाळलेल्या जागेत मुलांनी 'तापले', 'वितळले', 'जळले' असे शब्द भरले. 'शेकले' कोणीही लिहिले नाही, कारण थंडीत शेकोटीजवळ आपण शेकतो ते सुखासाठी. मग एका मुलीने आठवण करून दिली की तव्यावरची भाकरीही शेकतात, आणि याच कवितेत 'भाकरीचा चंद्र' आहे. तेथे तासिकेची घंटा झाली.

अलंकारप्रेमी

'पोलाद तसे' म्हणजे उपमा, हे मुलांनी सांगितले का?

सावली_नागपूर

सांगितले, आणि सर्वात आधी तेच सांगितले. त्यामुळे उरलेला वेळ 'शेकले'साठी मिळाला.

शब्दफेक

मला 'छान' हा शब्द खटकतो आहे. भट्टीत पडलेला माणूस 'छान शेकले' असे म्हणतो, तेव्हा तो स्वतःची थट्टा करतो आहे असे मला वाटते. आमच्या भाषेत सांगायचे तर हा टोमणा आहे.

जुनी_वही

मी तो टोमणा म्हणून वाचत नाही. त्याच्या आधीच्या ओळींत दुःख पेलावे कसे आणि पुन्हा जगावे कसे हे 'याच शाळेत शिकलो' असे कवी म्हणतो. शाळेविषयी कृतज्ञता असलेला माणूस भट्टीलाही 'छान' म्हणू शकतो. पोलाद भट्टीतूनच पोलाद होते. परंतु तुमचा अर्थ चुकीचा ठरवण्यासाठी माझ्याकडे ओळीतील एकही शब्द नाही, हेही मान्य करतो.

पंचमस्वर

येथे मला पुन्हा चालीविषयी बोलावेसे वाटते. मी 'छान शेकले'ला चाल लावायला बसलो, तेव्हा 'छान'वर कोमल स्वर घ्यावा की शुद्ध, हे ठरवता आले नाही. एक घेतला की टोमणा होतो आणि दुसरा घेतला की समाधान. वाचताना दोन्ही अर्थ एकाच वेळी राहतात, गाताना मला एक निवडावाच लागतो. जुन्या वहीकाका चाल काढून घ्या असे का म्हणत होते, हे मला येथे कळले.

शिस्तप्रिय

प्रश्नपत्रिकेत रसग्रहणाच्या उत्तरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अपेक्षित असतात. मुलाने 'छान' हा टोमणा आहे असे लिहिले आणि तपासणाऱ्याला ते पटले नाही, तर गुणांचे काय?

जुनी_वही

ही भीती खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे पूर्ण उपाय नाही. मी मुलांना एवढेच सांगत असे की, अर्थ कोणताही घ्या, पण तो ज्या शब्दावर उभा आहे तो शब्द उत्तरात उद्धृत करा आणि त्याच्या जागी दुसरा शब्द असता तर काय गेले असते हे एका वाक्यात लिहा. असे उत्तर तपासणाऱ्याला पटले नाही तरी ते निराधार म्हणता येत नाही. अलंकाराचे नाव काव्यसौंदर्यात लिहावेच, त्यासाठी अलंकारप्रेमींची पद्धत उपयोगी आहे. पण घाईने तपासणारा कोणी हे वाक्य न वाचताच पुढे जाईल, याची शक्यता मी नाकारत नाही.

सावली_नागपूर

पुढच्या चाचणीत मी रसग्रहणासाठी पाठ्यपुस्तकाबाहेरच्या चार ओळी देणार आहे, म्हणजे गाईडचा उपयोग होणार नाही. त्या ओळींचे गाणे झालेले नसावे, अशी माझी अट आहे. कोणाला सुचल्यास येथे लिहावे. त्यांत एखादे क्रियापद अनपेक्षित असले तर अधिक बरे.